दिसला नाही, म्हणजे नव्हता का?

जेर्डनचा धाविक हा पक्षी ८६ वर्षं कुणाला दिसला नव्हता.

थॉमस जेर्डन हे कंपनी सरकारच्या लष्करातले डॉक्टर होते. दक्षिण भारतात नोकरी करताना त्यांनी पक्ष्यांचा अभ्यास केला. त्यांनी मिळवलेल्या नमुन्यावरून १८४८ साली या पक्ष्याची शास्त्रीय नोंद झाली. उंच पायांचा, छातीवर दोन पट्टे असलेला हा पक्षी आजच्या आंध्र प्रदेशातल्या खुरट्या, काटेरी जंगलात राहतो. तिथली माणसं त्याला तेलुगूत ‘कलिवी कोडी’ म्हणतात. १९०० साली अनंतपूरजवळ त्याची एक नोंद झाली आणि मग तो जणू गडप झाला. विसाव्या शतकात जाणकारांनी शोध घेतला, हाती काही लागलं नाही. ज्यांच्या नजरेतून भारतातले फार थोडे पक्षी सुटले, त्या सालिम अलींनाही तो सापडला नाही. हळूहळू तो नामशेष झाला असावा असं मानलं जाऊ लागलं.

१९८६ च्या जानेवारीत बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे भारत भूषण यांना तो कडप्पा भागात पुन्हा सापडला. त्यात ऐतन्ना नावाच्या स्थानिक फासेपारध्याचा वाटा मोठा होता. त्याने तो पकडला रात्री, विजेरीच्या उजेडात. सालिम अली तेव्हा नव्वदीच्या उंबरठ्यावर होते. पुढच्याच वर्षी ते गेले, पण हा पक्षी जिवंत असल्याची बातमी त्यांच्या हयातीत आली.

या शोधाची गोष्ट पक्षीप्रेमींना ठाऊक आहे. मला त्यातला दुसरा भाग महत्त्वाचा वाटतो. ८६ वर्षांच्या नोंदवह्यांत ‘आढळला नाही’ असं लिहिलं गेलं, ते खोटं नव्हतं. लोक खरंच गेले होते आणि त्यांना तो खरंच दिसला नव्हता. चूक झाली ती पुढच्या पायरीवर. ‘आढळला नाही’ याचा अर्थ ‘नाही’ असा लावला गेला. हा पक्षी निशाचर आहे हे पुढे कळलं. दिवसा शोधणाऱ्याला तो काटेरी झुडपांत दिसणार कसा?

‘आढळला नाही’ या दोन शब्दांच्या पोटात दोन वेगळ्या शक्यता असतात. एक, तो तिथे नव्हता. दुसरी, तो होता पण आपल्याला दिसला नाही. या दोन शक्यता आकड्यांनी वेगळ्या कशा करायच्या, याचं रीतसर उत्तर मिळायला २००२ साल उजाडावं लागलं. त्या उत्तराला ‘ऑक्युपन्सी मॉडेल’ म्हणतात. आपण त्याला वास्तव्याचं गणित म्हणू. आज जंगलात लावलेल्या कॅमेऱ्यांची माहिती अनेकदा याच गणितातून जाते. त्याची ताकद किती आणि ते कुठे थांबतं, हे समजून घेण्यासारखं आहे.

कॅमेरा आला, प्रश्न तोच राहिला

जंगलातल्या प्राण्याने स्वतःचाच फोटो काढावा ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. भारतात एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वन अधिकाऱ्याने संयुक्त प्रांताच्या जंगलांत वाटेवर तार लावून वाघांचे रात्रीचे फोटो काढले. त्यांचं पुस्तक १९२७ साली निघालं. पुढे तारेच्या जागी शरीराची उष्णता आणि हालचाल टिपणारे सेन्सर आले. १९९० च्या दशकात उल्हास कारंत यांनी नागरहोळेत कॅमेऱ्यांच्या मदतीने वाघांची संख्या काढण्याची पद्धत उभी केली. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात. त्यामुळे कोणता वाघ पुन्हा आला आणि कोणता नवा, हे फोटोवरून सांगता येतं. त्यावरून न दिसलेल्या वाघांचाही अंदाज बांधता येतो.

पण सगळ्या प्राण्यांच्या अंगावर अशी ओळख नसते. दोन मुंगसांत किंवा दोन सांबरांत फरक कसा करणार? अशा प्राण्यांसाठी ‘किती आहेत’ हा प्रश्न बाजूला ठेवून ‘किती जागी आहेत’ एवढंच विचारणं सोपं पडतं. साठ जागी कॅमेरे लावले, बावीस जागी प्राणी दिसला, म्हणजे सदतीस टक्के जागी त्याचं वास्तव्य आहे, असा हिशेब कुणीही करील. वर्षानुवर्षं असाच हिशेब होत होता.

यात गफलत अशी की उरलेल्या अडतीस कॅमेऱ्यांचं मौन आपण ‘नाही’ म्हणून मोजतो. खरं तर त्या अडतीसांत दोन्ही प्रकारच्या जागा मिसळलेल्या असतात. काही जागी प्राणी नाहीच. काही जागी तो कॅमेऱ्याच्या मागून गेला, किंवा त्या महिन्यात पलीकडच्या ओढ्याने गेला. कॅमेरा माणसासारखा थकत नाही, दिवस-रात्र जागा असतो. तरीही त्याला समोरचा चिंचोळा पट्टाच दिसतो.

बेडकांच्या आवाजातून मिळालेलं उत्तर

उत्तर मिळालं ते अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये, आणि तेही कॅमेऱ्याविना, बेडकांच्या आवाजावरून. तिथे स्वयंसेवक पाणथळ जागी जाऊन कोणत्या जातीचे बेडूक ओरडतात ते ऐकून टिपत. अशा २९ जागांची २००० सालच्या वसंतातली माहिती हाताशी होती. काही जागी दोनच भेटी झाल्या होत्या, एका जागी तर ६६. डॅरिल मॅकेन्झी, जेम्स निकोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या माहितीवर केलेलं काम २००२ साली ‘इकॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालं.

त्यांचा मुद्दा असा होता. एकाच जागेला पुन्हा पुन्हा भेट दिली, तर त्या भेटींच्या नोंदी एकमेकींबद्दल काही सांगतात. एखाद्या जागी पाच भेटींपैकी दुसऱ्या आणि चौथ्या भेटीत बेडूक ऐकू आला, तर पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या भेटीतलं मौन हे ‘नाही’ नव्हतं. तो तिथे राहत होता, फक्त त्या वेळी ऐकू आला नाही. म्हणजे प्राणी सापडलेल्या जागा आपल्याला एक गोष्ट फुकट सांगतात: प्राणी असूनही तो किती वेळा हुकतो. हुकण्याचं हे प्रमाण कळलं की संपूर्ण गप्प राहिलेल्या जागांबद्दल बोलता येतं.

त्या २९ जागांपैकी १० जागी अमेरिकन टोड ऐकू आला होता, म्हणजे ३४ टक्के. गणिताने सांगितलं की त्याचं खरं वास्तव्य सुमारे ४९ टक्के जागी असावं. स्प्रिंग पीपर हा दुसरा बेडूक २४ जागी, म्हणजे ८३ टक्के जागी ऐकू आला होता. गणिताने त्याचा आकडा ८५ वर नेला, फक्त दोनने जास्त. माणसं तीच, जागा त्याच, रात्री त्याच. तरी एका जातीचा आकडा दीडपटीच्या जवळ गेला आणि दुसरीचा जागचा हलला नाही. कारण एक जात हमखास ऐकू येते आणि दुसरी हुलकावणी देते. दोन्हींना एकाच मापाने मोजलं असतं, तर लाजऱ्या जातीवर अन्याय झाला असता.

कॅमेऱ्यांवर हेच गणित

आता हे कॅमेऱ्यांवर करून पाहू. पुढचे आकडे समजुतीसाठी मी घेतलेले आहेत, कोणत्याही प्रत्यक्ष सर्वेक्षणातले नाहीत.

समजा, एका खुरट्या जंगलात आपण वाघाटी शोधतो आहोत. हे रात्री फिरणारं अगदी छोटं रानमांजर. साठ जागी कॅमेरे लावले आणि तीस रात्री चालू ठेवले. पाच-पाच रात्रींचा एक गट केला की प्रत्येक कॅमेऱ्याच्या सहा ‘भेटी’ झाल्या. गट यासाठी करायचा की एकच मांजर एका रात्रीत चार वेळा समोरून गेलं तर त्या चार स्वतंत्र नोंदी नसतात. गटात एकदा दिसलं की १, नाही दिसलं की ०. मग प्रत्येक कॅमेऱ्याची सहा आकड्यांची एक ओळ तयार होते: 010010 किंवा 000000.

महिन्याअखेर बावीस कॅमेऱ्यांवर वाघाटी दिसली. त्यातल्या बारा कॅमेऱ्यांवर एकाच भेटीत, सात कॅमेऱ्यांवर दोन भेटींत, दोन कॅमेऱ्यांवर तीन भेटींत आणि एका कॅमेऱ्यावर चार भेटींत. एकूण नोंदी छत्तीस.

इथे पहिला खड्डा आहे. बावीस कॅमेऱ्यांच्या सहा-सहा भेटी म्हणजे १३२ भेटी. त्यांत ३६ नोंदी, म्हणजे एका भेटीत दिसण्याची शक्यता ०.२७ असं म्हणावंसं वाटतं. ते चूक आहे. हे बावीस कॅमेरे आपण ‘दिसलं’ म्हणूनच निवडले. ज्या जागी मांजर असूनही सहाही वेळा हुकलं, त्या जागा या हिशेबातून आधीच गळाल्या आहेत. त्यांचा विचार करून गणित मांडलं की शक्यता सुमारे ०.२ येते, म्हणजे पाच भेटींत एकदा.

पुढचं सोपं आहे. एका भेटीत हुकण्याची शक्यता ०.८. सहाही भेटींत हुकण्याची शक्यता ०.८ ला सहा वेळा गुणून मिळते:

```
(1 - p)^K = 0.8^6 ≈ 0.26
```

म्हणजे वाघाटी राहत असलेल्या दर चार जागांपैकी एका जागी ती महिनाभर कॅमेऱ्याला दिसतच नाही. उरलेल्या चौऱ्याहत्तर टक्के जागी दिसते. आपल्याला दिसल्या त्या बावीस जागा हे ते चौऱ्याहत्तर टक्के. मग पूर्ण आकडा जवळजवळ तीस. साठांपैकी तीस, म्हणजे पन्नास टक्के. सदतीस नव्हे.

आणि जो एक कॅमेरा तीस रात्री गप्प राहिला, त्याच्या जागी वाघाटी असण्याची शक्यता किती? तीही निघते, सुमारे २१ टक्के. सर्वेक्षणाआधी ती पन्नास टक्के होती, सहा मौनांनी ती एकवीसपर्यंत खाली आणली. शून्यावर मात्र आणली नाही. अडतीस गप्प कॅमेऱ्यांपैकी आठेक जागी वाघाटी आहे, एवढं आपण सांगू शकतो. त्या आठ जागा कोणत्या, हे सांगू शकत नाही. राहत असलेली जागा हुकण्याची शक्यता पाच टक्क्यांच्या आत आणायची तर सहाऐवजी चौदा भेटी लागतील, म्हणजे सत्तर रात्री.

गणित कुठे फसतं

हे सगळं एका गृहीतकावर उभं आहे: वाघाटी जिथे आहे तिथे सगळीकडे सारखीच दिसते. प्रत्यक्षात तसं नसतं. समजा तिच्या तीस जागांपैकी पंधरा पायवाटेवर आहेत आणि तिथे एका भेटीत दिसण्याची शक्यता ०.४ आहे. उरलेल्या पंधरा झुडपांत आहेत आणि तिथे शक्यता फक्त ०.०५. मग पायवाटेवरच्या जवळपास सगळ्या जागा सापडतील. झुडपांतल्या पंधरापैकी चारच. एकूण सापडलेल्या जागा अठराच्या आसपास, नोंदी चाळीस. नोंदी इतक्या भरपूर दिसतात की गणिताला वाटतं, हा प्राणी सहज दिसतो. ते उत्तर देतं वीस जागा. खऱ्या जागा तीस आहेत. गणित केलं म्हणून आपण निर्धास्त असतो, आणि दहा जागा हातातून निसटलेल्या असतात.

ही चूक ओळखण्याची एक खूण आहे. किती कॅमेऱ्यांवर एकदा, किती कॅमेऱ्यांवर दोनदा, तीनदा दिसलं याची यादी करायची आणि गणिताच्या अपेक्षेशी ताडून पाहायची. पहिल्या उदाहरणातली १२, ७, २, १ ही यादी अपेक्षेशी जुळते. दुसऱ्या उदाहरणात एकदाच दिसलेले कॅमेरेही अपेक्षेपेक्षा जास्त निघतील आणि चार-पाच वेळा दिसलेलेही, मधले कमी पडतील. तसं दिसलं तर थांबायचं. मग पायवाट आणि झुडूप यांसाठी दिसण्याची शक्यता वेगवेगळी धरायची. त्यासाठी कॅमेरा लावताना जागेचं वर्णन वहीत लिहिलेलं हवं. महिन्याभराने आठवून लिहिलेल्या वर्णनावर भरवसा ठेवता येत नाही. कोणत्या रात्री कॅमेऱ्याची बॅटरी संपली होती हेही लिहायला हवं. बंद कॅमेऱ्याचं मौन ‘०’ म्हणून मोजलं तर सगळा हिशेब बिघडतो. ती भेट झालीच नाही, असं धरावं लागतं.

दुसरी अडचण उलट्या बाजूची आहे. हे गणित ‘दिसलं नाही’ यावर शंका घेतं, पण ‘दिसलं’ यावर डोळे झाकून विश्वास ठेवतं. आपल्या उदाहरणात गप्प कॅमेऱ्यांपैकी तिघांवर अंधुक फोटोतलं घरचं मांजर वाघाटी म्हणून नोंदलं गेलं असं समजा. आता दिसलेल्या जागा पंचवीस, नोंदी एकोणचाळीस. गणित तीसच्या जागी छत्तीस जागा सांगेल. तीन चुका, आणि फरक सहाचा. कारण एकुटवाण्या नोंदी वाढल्या की गणिताला वाटतं, हा प्राणी फारच हुकतो, म्हणजे न दिसलेल्याही बऱ्याच जागा असणार. एका चुकीच्या फोटोची किंमत अशी दुपटीने मोजावी लागते.

अशा चुकीने काय होतं हे आपल्या देशाने पाहिलं आहे, जरी तिथे पद्धत कॅमेऱ्यांची नव्हती. राजस्थानातल्या सरिस्का व्याघ्र प्रकल्पात पावलांच्या ठशांवरून वाघ मोजले जात. २००४ सालापर्यंत सरकारी गणनेत तिथे वाघ होते. २००५ साल उजाडलं तेव्हा एकही उरलेला नाही हे जाहीर झालं. पंतप्रधानांनी व्याघ्र कृती दल नेमलं आणि ठशांच्या गणनेवरचा विश्वास संपला. धाविकाच्या बाबतीत जिवंत पक्षी कागदावरून पुसला गेला होता. सरिस्कात मेलेले वाघ कागदावर चालत राहिले.

तिसरी गोष्ट शब्दाच्या अर्थाची. मेरीलँडचा बेडूक त्या हंगामात त्याच तळ्यात होता, म्हणून ‘वास्तव्य’ हा शब्द तिथे शोभतो. बिबट्याचं तसं नाही. तो मैलोन्‌मैल फिरतो आणि कॅमेऱ्यासमोरची जागा हा त्याच्या घराचा एक कोपरा असतो. दर पाच रात्रींनी तो तिथे असेलच असं नाही. अशा वेळी गणितातून येणारा आकडा ‘किती जागी राहतो’ हे सांगत नाही, ‘त्या काळात किती जागांचा वापर करतो’ हे सांगतो. अहवालात हा फरक गाळला की वाचणारा जंगलाचा अर्धा भाग बिबट्याने भरलेला आहे असं समजून बसतो.

जिथे एकदाही दिसला नाही तिथे काय?

आता पुन्हा धाविकाकडे येऊ. समजा, हे गणित १९५० साली कुणाजवळ असतं. ८६ वर्षांची चूक टळली असती का?

नसती टळली. या गणिताची सगळी ताकद अशा जागांतून येते, जिथे प्राणी कधी दिसला आणि कधी हुकला. हुकण्याचं प्रमाण तिथूनच कळतं. सगळ्याच ओळी 000000 असतील तर गणिताला धरायला काही नाही. प्राणी कुठेच नाही म्हणूनही असं होईल, आणि सगळीकडे आहे पण पद्धतच आंधळी आहे म्हणूनही असंच होईल. दिवसा शोधून निशाचर पक्षी दिसण्याची शक्यता जवळजवळ शून्य. हुकण्याची शक्यता एक. एकाला सहा वेळा गुणा नाहीतर सहाशे वेळा, उत्तर एकच येतं. भेटी वाढवून पद्धतीचं आंधळेपण जात नाही. पद्धतच बदलावी लागते.

ऐतन्नाने रात्री विजेरी घेऊन जाऊन तेच केलं. ज्याला गणितात ‘दिसण्याची शक्यता’ म्हणतात, ती शून्यावरून वर उचलणारा माणूस तो होता. कोणत्या पक्ष्याला कधी आणि कसं शोधायचं हे ज्ञान त्याच्याकडे होतं, आणि त्याची जागा दुसरं कुठलंही सूत्र घेऊ शकलं नसतं.

नंतरच्या अभ्यासकांनी हा धडा घेतला. श्री लंकमल्लेश्वर अभयारण्यात पी. जेगनाथन, डॉ. असद रहमानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जंगलात जागोजागी बारीक मातीच्या पट्ट्या तयार केल्या. रात्री पक्षी त्यावरून चालला की पायाचे ठसे उमटत. पण सरिस्काचा धोका इथेही होताच, दुसऱ्या पक्ष्याचा ठसा धाविकाचा समजला जाऊ शकतो. म्हणून पट्ट्यांवर रोखलेले स्वयंचलित कॅमेरे लावले आणि ठसा आणि फोटो यांची गाठ घातली. हे काम २००२ साली प्रसिद्ध झालं, बेडकांचं गणित आलं त्याच वर्षी. रात्री काम करणारी, अनेक जागी आणि अनेक वेळा वापरता येणारी, खात्री करून घेता येणारी पद्धत मिळाली. अशी पद्धत हाती असली की वास्तव्याच्या गणिताला खऱ्या अर्थाने काही बोलता येतं.

आणि ते लवकरच लागणार होतं. २००५ च्या सुमारास तेलुगू-गंगा कालव्याचं खोदकाम या पक्ष्याच्या जंगलात शिरलं. त्यावर आक्षेप घेतले गेले आणि अखेर कालव्याचा मार्ग बदलावा लागला. कालवा आखणाऱ्या इंजिनिअरला नकाशावर दोनच रंग हवे असतात, पक्षी आहे आणि पक्षी नाही. ‘नाही’च्या रंगातून तो रेघ ओढतो. आपण वर पाहिलं की महिनाभर गप्प राहिलेल्या चौकोनातही प्राणी असण्याची शक्यता एकवीस टक्के असू शकते. त्या चौकोनाला ‘नाही’चा रंग देणं हा मग निरीक्षणाचा निष्कर्ष राहत नाही. तो आपण घेतलेला निर्णय असतो, आणि त्याची जबाबदारीही आपली असते.

एक कठीण प्रश्न शिल्लक राहतो. कालव्याच्या त्या वादानंतरची अनेक वर्षं शोध घेऊनही या पक्ष्याची खात्रीची नोंद मिळाली नाही. यावेळी पद्धत आंधळी नव्हती, लोक रात्रीही गेले. मग २००२ च्या सुमारास मिळालेली दिसण्याची शक्यता वापरून ‘आता तो नाही’ असं म्हणता येईल का? तेही जपूनच म्हणायला हवं. एका जागी पाच पक्षी असले तर त्यातला एखादा पट्टीवरून जाण्याची शक्यता जास्त. एकच उरला असेल तर ती शक्यताही घटते. पक्षी कमी झाले की ते दिसण्याचं प्रमाणही कमी होतं, आणि जुनं प्रमाण नव्या मौनाला लावलं तर आपण ‘नाही’ म्हणण्याची घाई करतो. म्हणून अहवालात ‘आढळला नाही’ एवढं लिहून थांबू नये. किती जागी, किती रात्री, कोणत्या पद्धतीने शोधलं, आणि पक्षी असता तर तो या शोधात हुकण्याची शक्यता किती होती, हे चार आकडे सोबत हवेत. १९०० ते १९८६ च्या नोंदवह्यांत नेमके तेच नव्हते.